नळी जिथे पिळली जाते

संगणकावर वक्ररेषेभोवती नळी काढायची, तर रेषेवर ठिकठिकाणी वर्तुळं उभी करून शेजारच्या वर्तुळांवरचे सम क्रमांकाचे बिंदू जोडतात. प्रत्येक वर्तुळात पहिला बिंदू कुठे ठेवायचा, हा खरा प्रश्न. फ्रेनेची पद्धत सांगते: रेषा ज्या बाजूला वळते, त्या बाजूला.

आता y = x³ ही रेषा घ्या. शून्याच्या डावीकडे ती खाली वळते, उजवीकडे वर. त्यामुळे फ्रेनेची दिशा शून्यापाशी एकदम १८० अंशांनी उलटते. बारा बिंदूंच्या वर्तुळात पहिला बिंदू समोरच्या सातव्याच्या जागी जातो, जोडरेषा मधोमध एकमेकींना छेदतात आणि नळी तिथे चिमटली जाते. सरळ तुकड्यावर तर वळण्याची बाजूच नसते, म्हणून दिशाही मिळत नाही.

उपाय असा, की दिशा प्रत्येक ठिकाणी नव्याने शोधायचीच नाही. मागची पुढे न्यायची, रेषेभोवती जराही न फिरवता. २००८मध्ये वांग, युटलर, झेंग आणि लिऊ यांनी यासाठी दोन प्रतिबिंबांची सुंदर रीत मांडली. पहिला आरसा दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये, त्यांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात. दुसरा असा, की प्रतिबिंबित स्पर्शिका पुढच्या बिंदूवरच्या खऱ्या स्पर्शिकेवर बसावी. दोन प्रतिबिंबं मिळून एक फिरवणं होतं.

बंद वळशात मात्र शेवटची दिशा सहसा पहिलीशी जुळत नाही. उरलेला कोन मोजून सगळ्या वर्तुळांवर थोडाथोडा वाटून द्यावा लागतो.