पाइप ८० की १००?

जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा निविदेतलं हे उदाहरण घ्या. तांत्रिक तपशिलात लिहिलंय, ‘११० मिमी एचडीपीई पाइप, पीई १००, ६ किलो दाब’. दरपत्रकात त्याच पाइपपुढे ‘पीई ८०’. फरक एका आकड्याचा वाटतो, पण आयएस ४९८४ या मानकात दोन्ही पाइपांची जाडी वेगळी येते. पीई ८० ची भिंत साधारण ५.२ मिमी, तर पीई १०० ची ४.२. माल जास्त मजबूत, म्हणून भिंत पातळ. पाइप वजनावर ठरतो, त्यामुळे मीटरमागे जवळजवळ पाचवा हिस्सा प्लास्टिक इकडचं तिकडे होतं. एकाने ८० धरून दर भरला आणि दुसऱ्याने १०० धरून, तर तुलना कशाची करायची?

अशा वेळी ठेकेदार कार्यालयात फोन लावतो. तिकडून कोणीतरी सांगतं, ‘१०० धरा हो.’ पुढे मालाच्या तपासणीत हे वाक्य कुठेच लिहिलेलं सापडत नाही. आपणच ‘पीई १०० गृहीत धरून’ असं लिहून दर भरावा, तर ती सशर्त निविदा ठरून बाद होऊ शकते. म्हणून प्रश्न लेखीच हवा, तोही वेळेत. राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निविदेच्या तारखांमध्ये `Clarification End Date` अशी ओळ असते. ती बहुधा दर भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या बरीच आधी संपते. लोक पाहतात ती शेवटची तारीख, आणि तिथेच फसतात.

पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, निविदा क्रमांक घालून. मजकूर असा पुरतो: ‘तांत्रिक तपशील, पान अमुक, कलम अमुक येथे पीई १०० नमूद आहे, दरपत्रकातील बाब क्र. ४ मध्ये पीई ८० आहे. यांपैकी कोणते ग्राह्य धरावे? दरपत्रकात बदल होणार असल्यास शुद्धिपत्रक प्रसिद्ध करावे.’ दोन्ही जागा जशाच्या तशा उतरवल्या की अभियंत्याला पानं चाळावी लागत नाहीत. ‘तपशील संदिग्ध आहे, खुलासा व्हावा’ एवढंच लिहिलं, तर ‘निविदेप्रमाणे’ असं एका शब्दाचं उत्तर येतं, आणि त्याबद्दल कार्यालयाला दोष देण्यात अर्थ नाही. पत्रात आपला दर किंवा ब्रँड मात्र लिहू नये, कारण प्रश्न आणि उत्तर सगळ्या स्पर्धकांपुढे ठेवलं जातं. कार्यालयाने ते फक्त तुम्हाला कळवलं, तर तोच पुढे तक्रारीचा मुद्दा होतो.

उत्तर शुद्धिपत्रक म्हणून पोर्टलवर चढतं. दरपत्रकच बदललं असेल, तर नवी एक्सेल फाइल उतरवून त्यातच दर भरायचा. आधी भरून टाकलेली निविदा असेल, तर तीही नव्या फाइलसह पुन्हा सादर करावी लागते. म्हणून आदल्या संध्याकाळी पोर्टल एकदा उघडून पाहणारे ठेकेदार वेंधळे नसतात.