विश्लेषण : हर्षल सातव्या स्थानाच्या उंबरठ्यावर आला की संसार हादरतो? ज्योतिषी असे का म्हणतात?

हर्षल म्हणजेच युरेनस हा ग्रह ७ जुलै २०२५ रोजी सायन मिथुन राशीत गेला. नोव्हेंबरमध्ये तो वक्री होऊन वृषभेत परतला आणि एप्रिल २०२६ च्या अखेरीस त्याचा मिथुनेत पुन्हा प्रवेश झाला. तेव्हापासून पाश्चात्त्य पद्धतीने कुंडली पाहणाऱ्यांमध्ये एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ज्यांचे लग्न धनु राशीत आहे, त्यांच्या वैवाहिक जीवनात आता उलथापालथ होणार का? या समजुतीमागचे गणित काय आहे आणि ते कुठे कमी पडते, याविषयी…

डिसेंडंट म्हणजे काय?

जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर राशिचक्राचा जो अंश उगवत असतो, ते लग्न. त्याच क्षणी बरोबर समोर, पश्चिम क्षितिजावर जो अंश मावळत असतो, तो डिसेंडंट. पाश्चात्त्य पद्धतीत सातवे स्थान येथूनच सुरू होते. लग्न म्हणजे ‘मी’ आणि समोरचा बिंदू म्हणजे ‘दुसरा’, असा यामागचा साधा तर्क आहे. हा दुसरा म्हणजे पती किंवा पत्नी, धंद्यातील भागीदार, अगदी उघड शत्रूसुद्धा. विसाव्या शतकात युंगच्या मानसशास्त्राचा प्रभाव असलेल्या ज्योतिषांनी यात भर घातली. माणूस स्वतःमधील जे नाकारतो तेच त्याला जोडीदारात दिसते, असे ते सांगू लागले. त्यामुळे या बिंदूवरून ग्रह जातो तेव्हा बदल जोडीदाराकडून आल्यासारखा वाटतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

बाह्य ग्रहच का?

चंद्र हा बिंदू दर महिन्याला ओलांडतो, सूर्य दर वर्षी. त्यांच्या भ्रमणाला फार महत्त्व दिले तर दर महिन्याला संसार मोडावा लागेल. हर्षलला मात्र एका फेरीला सुमारे ८४ वर्षे लागतात. म्हणजे तो डिसेंडंटवर बहुधा आयुष्यात एकदाच येतो. नेपच्यूनची फेरी सुमारे १६५ वर्षांची आणि प्लुटोची २४८ वर्षांची, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला ती वेळ येतच नाही. जे दुर्मीळ, ते मोठे, असा हा हिशेब आहे.

‘अचानक’ हा शब्द येतो तो हर्षलमुळे. विल्यम हर्षेल यांना हा ग्रह १३ मार्च १७८१ रोजी दिसला. त्या वेळी अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते आणि आठ वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली. शिवाय हा ग्रह जवळजवळ आडवा पडून फिरतो. यातून बंड, तुटणे, धक्का हे अर्थ त्याला चिकटले. नेपच्यूनला भ्रम आणि विरघळणे, तर प्लुटोला सत्ता आणि मुळापासून उपटणे हे अर्थ मिळाले. प्राचीन ग्रंथांत हे ग्रह नाहीत, म्हणजे त्यांचे अर्थ आधुनिक काळातच ठरलेले आहेत.

एकदाच येतो, मग तीनदा कसा?

समजा, एखाद्याचा डिसेंडंट सायन मिथुनेच्या १ अंशावर आहे. हर्षल त्या अंशावर ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला आला. सप्टेंबरमध्ये तो वक्री झाला आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास त्याच अंशावरून मागे गेला. मे २०२६ च्या मध्याच्या सुमारास त्याने तो अंश तिसऱ्यांदा ओलांडला. ज्योतिषी पहिल्या वेळी कुरबूर, दुसऱ्या वेळी फेरविचार आणि तिसऱ्या वेळी निर्णय, असे वाचन करतात. पण ‘अचानक’ घडणाऱ्या गोष्टीसाठी ही नऊ-दहा महिन्यांची मुदत झाली.

निरयन पंचांगात हर्षल वृषभेत दिसतो म्हणून अनेकांचा गोंधळ होतो. मात्र निरयन गणितात जन्माचा डिसेंडंटही सुमारे २४ अंश मागे सरकतो. राशीचे नाव बदलते, पण ग्रह त्या बिंदूवर येण्याची वेळ फारशी बदलत नाही. छत्तीस वर्षांच्या माणसासाठी अयनगतीमुळे पडणारा फरक साधारण अर्ध्या अंशाचा असतो.

डायना यांच्या कुंडलीत काय दिसते?

या विषयावर वारंवार दिले जाणारे उदाहरण ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांचे. त्यांचा जन्म १ जुलै १९६१ रोजी सँड्रिंगहॅम येथे झाला. सायंकाळी पावणेआठची वेळ धरली तर लग्न धनु १८ अंश आणि डिसेंडंट मिथुन १८ अंश येतो. १९८५ ची अखेर आणि १९८६ या काळात हर्षल धनु राशीच्या नेमक्या त्याच अंशांजवळ, म्हणजे डिसेंडंटच्या बरोबर समोर होता. चार्ल्स आणि कॅमिला यांचे संबंध १९८६ च्या सुमारास पुन्हा सुरू झाल्याची नोंद आहे. ज्योतिषांच्या दृष्टीने हा चपखल मेळ आहे.

मात्र विभक्त होण्याची घोषणा ९ डिसेंबर १९९२ रोजी झाली आणि घटस्फोट २८ ऑगस्ट १९९६ रोजी. या दोन्ही वेळी हर्षल, नेपच्यून किंवा प्लुटो यांपैकी कोणीही त्या अक्षावर नव्हते. मग १९९२ साठी दुसरे कारण पुढे केले जाते. घोषणेच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते आणि चंद्र मिथुनेच्या १८ अंशांवर होता. योगायोग लक्ष वेधून घेणारा आहे, पण येथे नियमच बदलला. बाह्य ग्रह सापडला नाही म्हणून ग्रहण घेतले गेले.

दुसरी अडचण जन्मवेळेची. डायना यांच्याबाबत ज्योतिषांच्या वर्तुळात दुपारची एक वेळही फिरत होती. ती घेतली तर लग्न तुळेत आणि डिसेंडंट मेषेत जातो, आणि १९८६ चा मेळ नाहीसा होतो. विवाह तोच, माणसेही तीच.

मग भाकीत किती भरवशाचे?

क्षितिजावरचा अंश साधारण चार मिनिटांत एकाने बदलतो. जन्मवेळ वीस मिनिटांनी चुकली तर बिंदू पाच अंशांच्या आसपास सरकतो. हर्षल वर्षाला सरासरी चार-सव्वाचार अंश चालतो, म्हणजे ‘नेमकी’ तारीख वर्षभराहून अधिक पुढे-मागे जाते. दवाखान्याच्या नोंदीत वेळ अनेकदा पाच-दहा मिनिटांच्या पूर्णांकात लिहिलेली असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

त्यात सवलतींची भर पडते. ग्रह बिंदूच्या मागे-पुढे पाच अंश असला तरी चालतो. समोर असला किंवा काटकोनात असला तरी चालतो. असे धरले तर ३६० पैकी ४० अंश, म्हणजे राशिचक्राचा नववा हिस्सा एका ग्रहाला मिळतो. तीन ग्रहांचे मिळून सरासरीने आयुष्याचा जवळपास तिसरा हिस्सा या ना त्या भ्रमणाखाली येतो. घटस्फोटानंतर मागे वळून पाहिले की एखादा ग्रह जागेवर सापडणे मग अवघड राहत नाही. ज्या जोडप्यांच्या कुंडलीत हेच भ्रमण झाले आणि काहीच घडले नाही, ती जोडपी ज्योतिषाकडे विचारायला जात नाहीत.

म्हणून असे भाकीत ऐकताना चार गोष्टी आधीच लिहून घेता येतात: कोणता ग्रह, किती अंशांची सूट, कोणत्या तारखांदरम्यान आणि नेमके काय घडणार. ‘नात्यात बदल संभवतो’ एवढेच उत्तर आले, तर त्यात वेगळे राहणे, नवी नोकरी, घरात बाळ येणे आणि जोडीदाराची बदली हे सगळेच बसते. लग्न ठरवण्याचा किंवा मोडण्याचा निर्णय अशा वाक्यावर टाकण्याआधी, ते वाक्य कोणत्या घटनेने खोटे ठरेल, हे सांगणाऱ्याला विचारलेले बरे.