एका पानावर तीन वर्षे

ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो तक्त्यात उतरवताना सर्वात आधी आकडे नव्हे, रकान्यांची शीर्षके वाचावी लागतात. अंदाजपत्रकाच्या एकाच पानावर बहुधा मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद शेजारीशेजारी छापलेली असते. म्हणजे शेजारचे दोन आकडे वेगवेगळ्या वर्षांचे! त्यांची वजाबाकी करून ‘इतका निधी पडून राहिला’ म्हणणे साफ चूक. एखाद्या वर्षाची तरतूद आणि खर्च जुळवायचे, तर त्यानंतरच्या वर्षांची अंदाजपत्रकेही हवीत. म्हणून तक्त्यात लेखाशीर्ष, तरतूद, प्रत्यक्ष खर्च यांच्याबरोबर ‘वर्ष’ हा रकाना हवाच.

दुसरा धोका अंकांचा. पुसट छपाईत १ आणि ९ सहज गफलत करतात.

समजा, दिवाबत्ती १,२०,०००, पाणीपुरवठा ३,१०,००० आणि आरोग्य ७५,००० रुपये आहे; पानावरची एकूण रक्कम ५,०५,०००. तक्त्यात `=SUM(B2:B4)` दिल्यावर मात्र ५,८५,००० आले. फरक ८०,०००. एकाच जागी १ चा ९ झाला, तर फरक ८, ८०, ८०० अशाच चढत्या क्रमाने येतो. इथे तो दहा हजारांच्या घरात आहे. त्या घरात ९ कुठे दिसतो? पाणीपुरवठ्यात, ३,९०,०००. फोटो मोठा करून तेवढाच आकडा पुन्हा पाहायचा.

दोन चुका एकमेकींना भरून काढत असतील, तर मात्र बेरीज जुळूनही तक्ता चुकीचाच राहतो. त्यामुळे मोठ्या रकमा मूळ पानाशी एकेक करून ताडून पाहाव्या लागतात.