पट्टा बदला, पण ओरखडा नको!

मुलांनो, तुमच्या घरी आजोबांचं चावीचं घड्याळ आहे का? बंगळूरला १९६१ साली एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला. तिथली घड्याळं अजून कितीतरी घरांत टिकटिकतायत. घड्याळ चालतं, पण पट्टा मात्र घामानं कुजून तुटतो. मग कुणीतरी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बसतं आणि नव्या पट्ट्याबरोबर घड्याळावर एक लांबलचक ओरखडाही येतो. केसवर मुलामा असेल तर तो ओरखडा घासूनही जात नाही, उलट खालचं पितळ दिसायला लागतं.

सुरीची गरजच नसते. घड्याळ उलटं करून पाहा. केसला वर दोन आणि खाली दोन असे चार 'कान' असतात. प्रत्येक जोडीच्या मध्ये पट्ट्याच्या टोकातून एक बारीक पिन गेलेली असते. तिला स्प्रिंगबार म्हणतात. ही पिन म्हणजे एक पोकळ नळी. तिच्या आत स्प्रिंग असते आणि दोन्ही बाजूंनी छोटी टोकं बाहेर आलेली असतात. कानांच्या आतल्या बाजूला भोकं असतात, त्यांत ही टोकं बसतात. म्हणजे पिन काही ठोकलेली किंवा चिकटवलेली नसते. स्प्रिंगच तिला दोन्हीकडे दाबून धरते. एक टोक जेमतेम मिलिमीटरभर आत दाबलं की पिन सुटते!

टोकाजवळ पिनेला एक उंच कडं असतं. बेचकीसारखं टोक असलेलं हत्यार याच कड्यासाठी केलेलं आहे. ते घड्याळाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. बेचकीचे दोन पाय पिनेच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि कड्याला अडतात. सुरीच्या पात्याला असं काही धरता येत नाही, म्हणून ते सटकतं. सटकलं की थेट कानावर.

आमच्या शाळेतल्या एका मुलीनं वडिलांबरोबर हे काम केलं, ते असं. आधी पट्टीनं दोन कानांमधलं अंतर मोजलं. ते १८ मिलिमीटर भरलं, म्हणून १८ चाच पट्टा आणि १८ च्याच पिना आणल्या. मग ताटात जाड मऊ फडकं पसरून घड्याळ पालथं ठेवलं. ताट का? पिन उडाली तर ती कपाटाखाली जाऊ नये म्हणून. (ती उडते बरं का! तोंड फार जवळ नेऊ नका.) चारही कानांच्या मागच्या आणि बाहेरच्या बाजूला साधी चिकटपट्टी लावली. हत्यार सटकलं तरी ओरखडा चिकटपट्टीवरच येतो.

मग वडिलांनी बेचकी मागच्या बाजूनं पट्टा आणि कान यांच्या फटीत घातली. इथेच बहुतेकांचं चुकतं. डबा उघडताना आपण झाकण उचकटतो ना, तसं इथे करायचं नाही. उचकटायला गेलं की हत्यार कानावर टेकतं आणि सगळा जोर केसवर येतो. जोर पिनेच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे कानापासून दूर, पट्ट्याच्या मध्याकडे द्यायचा. कड्यावर दाब देत दुसऱ्या हातानं पट्टा हळूच आपल्याकडे ओढायचा. बस्स, टोक भोकातून निसटतं.

त्यांची पहिली पिन लगेच निघाली, दुसरी काही हलेना. अशा वेळी बोटाला काय जाणवतं ते पाहायचं. दाबल्यावर नुसतं मऊ लागलं, तर बेचकी चामड्यात रुतली आहे, ती काढून पुन्हा लावायची. दाबल्यावर थोडं आत जाऊन परत बाहेर ढकललं गेलं, तर ती स्प्रिंग, म्हणजे जागा बरोबर आहे. यांना दोन्ही जाणवलं नाही, एकदम दगडासारखं घट्ट! घामानं पिन गंजली होती. काडीच्या टोकानं मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून त्यांनी घड्याळ रात्रभर ठेवलं आणि सकाळी पिन सुटली. तरीही सुटली नसती तर जोर न लावता घड्याळजीकडे जायचं. धातूचा पट्टा असेल तरी पहिल्यांदा त्याच्याकडेच द्या, कारण तिथे फट फारच अरुंद असते.

कानाला बाहेरून भोक दिसत असेल तर तुमचं काम सोपं. हत्याराच्या दुसऱ्या बाजूला सुईसारखं टोक असतं. त्यानं बाहेरूनच पिनेचं टोक आत ढकलायचं.

नवी पिन बसवताना एक टोक आधी भोकात घाला, दुसरं बेचकीनं दाबून कानाच्या आत सरकवा आणि सोडा. 'टक्' असा आवाज येईल. मग पट्टा दोन्हीकडून चांगला ओढून पाहा. जुनी पिन गंजलेली, वाकलेली असेल तर ती परत लावू नका. चिकटपट्टी मात्र हे सगळं झाल्यावरच काढा, कारण बसवतानाही हत्यार सटकतंच की!