हितोरी : काळे काय, पांढरे काय?

जपानच्या ‘निकोली’चे कोडे, १९९० पासूनचे. आडव्या-उभ्या ओळीत पांढरा आकडा दुसऱ्यांदा नको. जादाचे काळे करायचे. काळी घरे कडेला कड लावून नकोत, कोपऱ्याला कोपरा चालतो. पांढरी सगळी एकमेकांना जोडलेली हवीत.

सर्वांत वरची ओळ : २ ५ २ १ ५.

दोन २ पैकी एक तरी काळा होणार. म्हणून मधला ५ पांढराच. मग शेवटचा ५ काळा, शेजारचा १ पांढरा. कोणता २ काळा, हे ही ओळ सांगत नाही. मधला काळा केला, तर १ दोन्हीकडून अडतो. त्याच्या खालचे घर पांढरे ठेवावेच लागते.

सलग ३ ३ ३ दिसले, तर दोन्ही टोके काळी.