बाटली एआयची, अक्षरं आपली: लेबलवरचा मजकूर बिघडू नये म्हणून काय करतात?

समजा, कोकणातल्या एका घरगुती उद्योगाला ‘अमृत कोकम’च्या बाटलीची जाहिरात इन्स्टाग्रामवर टाकायची आहे. फोटोग्राफरचं बजेट नाही, म्हणून एआयकडून चित्र करून घेतलं. बाटली झकास, काचेवर थंडगार थेंब, मागे धूसर दिसणारी कौलारू पडवी. लेबलवर मात्र ‘अमृत’चं ‘अमत’ झालेलं, खाली ‘कोकग’ की ‘काकम’ असं काहीतरी आणि त्याखाली दोन ओळी अशा लिपीत, जी जगात कुणालाच वाचता येणार नाही.

मग ‘प्रॉम्प्ट’ बदलून पुन्हा प्रयत्न होतो. दहाव्या वेळी नाव बरोबर येतं, पण तोवर बाटलीचं झाकण बदललेलं असतं. शिवाय नाव बरोबर आलं तरी खालचा १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक बरोबर येईलच असं नाही. तो आकडा एका अंकाने चुकला तर ती जाहिरात भलत्याच क्रमांकाने फिरत राहते.

ज्यांचं रोजचं काम हेच आहे, ते या झटापटीत पडत नाहीत. ते एआयकडून कोऱ्या लेबलची बाटली मागतात आणि छापखान्यात गेलेलं खरं लेबल नंतर फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर चढवतात.

एआय अक्षरात का चुकतं?

चित्र काढणाऱ्या बहुतेक मॉडेल्सना अक्षर ‘लिहिता’ येत नाही. लाखो चित्रं पाहून लेबलवर साधारण कशा आकाराच्या रेघा असतात, एवढं ती शिकतात. त्यातली बरीच मॉडेल्स चित्र आधी लहान, दाबलेल्या रूपात तयार करतात आणि शेवटी ते मोठं करतात. या प्रवासात पानाफुलांचं काही बिघडत नाही, कारण एक पान थोडं वेगळं आलं तरी ते पानच राहतं. ‘मृ’च्या पायाशी असलेली छोटी खूण मात्र पुसली गेली की शब्दच बदलतो. अलीकडची मॉडेल्स मोठ्या अक्षरातली इंग्रजी नावं बऱ्यापैकी नीट काढतात. बारीक मजकूर आणि देवनागरीतली जोडाक्षरं यांचा भरवसा अजून धरता येत नाही.

कोरी बाटली कशी मागायची?

इथे सगळ्यात महत्त्वाचा असतो कॅमेऱ्याचा कोन. बाटली अगदी समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून दिसली तर पुढचं काम निम्मं होतं. प्रॉम्प्ट साधारण असा:

```
glass bottle of dark red kokum syrup, straight front view,
camera at label height, blank matte white paper label,
soft light from the left, plain background
```

यात no text असं लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. पुष्कळ मॉडेल्सना नकार नीट कळत नाही. ‘मजकूर नको’ म्हटलं की मजकुराचीच आठवण होते. त्यापेक्षा ‘कोरं पांढरं कागदी लेबल’ हे थेट सांगणं बरं. तरीही एखादी रेघोटी उमटलीच, तर ती क्लोन किंवा हीलिंग ब्रशने शेजारचा कागद घेऊन पुसावी. सपाट पांढरा रंग फासू नये, कारण कागदावर पडलेली फिकी सावली पुढे उपयोगी पडणार आहे.

‘मॅट’ हा शब्दही असाच कामाचा. चकचकीत लेबल मागितलं तर एआय त्यावर पांढरा झगझगीत पट्टा काढतं आणि नेमकं तिथेच उत्पादनाचं नाव येतं.

मोठं आधी करा, लेबल नंतर

एआयकडून आलेल्या चित्रात लेबलची उंची बहुधा ४००-५०० पिक्सेलच असते. खरं लेबल ९ सेंटिमीटर उंच आणि चित्रात ते ४५० पिक्सेल असेल, तर एका मिलिमीटरला फक्त ५ पिक्सेल मिळतात. दीड मिलिमीटर उंचीचं अक्षर सात-आठ पिक्सेलमध्ये बसवायचं म्हणजे वेलांटी आणि काना एकमेकांत मिसळणार. म्हणून बाटलीचं चित्र आधी तिप्पट मोठं करून घ्यायचं. आता त्याच अक्षराला २२ पिक्सेल मिळतात आणि ते वाचता येतं.

हा क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात. चित्र मोठं करणारी एआय साधनं रिकाम्या जागी नवे तपशील ‘रचतात’, आणि लेबल चढवल्यावर ती वापरली तर नीट बसवलेली अक्षरं ती पुन्हा स्वतःच्या मनाने काढतात. पार्श्वभूमी बदलणं, पाण्याचे थेंब वाढवणं, जे काही एआयकडून करायचं ते आधी उरकावं. लेबल सर्वात शेवटी.

छापखान्याकडून काय मागायचं?

लेबलची मूळ फाईल बहुतेक डीटीपीवाल्याकडे कोरलड्रॉमध्ये असते. त्याच्याकडून अक्षरं ‘कर्व्ह’ केलेली पीडीएफ मागावी. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, त्याची आकृती होते. मग समोरच्या संगणकावर तो फॉन्ट असो वा नसो, काही फरक पडत नाही. तेच नाव फोटोशॉपमध्ये नव्याने टाइप करायला गेलं, तर देवनागरीची सेटिंग चालू नसल्यास पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. म्हणजे एआयची चूक टाळायला गेलो आणि सॉफ्टवेअरची पदरात पडली!

लेबल गोल कसं करायचं?

बहुतेकांची फसगत इथे होते. आपल्या बाटलीचा व्यास ७ सेंटिमीटर धरू. तिचा घेर होतो सुमारे २२ सेंटिमीटर आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं लेबल आहे २० सेंटिमीटर रुंद. समोरून पाहणाऱ्याला बाटलीचा जास्तीत जास्त अर्धा घेर दिसतो, म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटर. पण हौशी लोक अख्खं २० सेंटिमीटरचं लेबल दाबून समोरच्या बाजूवर बसवतात. मग अक्षरं चिमटून उभट होतात, आणि बाटलीच्या मागे असायला हवा तो बारकोडही पुढे येतो. तेव्हा आधी लेबलचा मधला ११ सेंटिमीटरचा भाग कापून घ्यावा.

हे ११ सेंटिमीटर फोटोत ७ सेंटिमीटरच्या रुंदीत बसतात, पण सगळीकडे सारखे दाबले जात नाहीत. मध्यरेषेपासूनचे पहिले २ सेंटिमीटर जवळपास तसेच, म्हणजे १.९ सेंटिमीटर दिसतात. पुढचे २ सेंटिमीटर १.३ मध्ये आवरतात, आणि कडेचे शेवटचे दीड सेंटिमीटर तर अवघ्या ०.३ मध्ये. कडेची अक्षरं अशी आक्रसलेली दिसली तरच डोळ्याला बाटली गोल वाटते. सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची दिसली, तर लेबल सपाट पुठ्ठ्यासारखं बाटलीपुढे उभं केलेलं वाटतं. काय चुकलंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण ‘खोटं वाटतंय’ एवढं लगेच कळतं.

प्रत्यक्षात हे ब्राउझरमध्ये मोफत चालणाऱ्या फोटोपीमध्येही होतं. बाटलीचं चित्र उघडून File > Open & Place ने लेबल आत आणायचं, मग Edit > Transform > Warp. लेबलवर जाळी दिसते. तिच्या आतल्या उभ्या रेषा थोड्या कडांकडे ओढल्या की मधला भाग पसरतो आणि कडा दाटतात, वर सांगितलेल्या हिशेबासारख्याच. गिंपमध्ये Filters > Map > Map Object या ठिकाणी थेट सिलेंडरचा पर्याय आहे.

आता आडव्या कडा. कॅमेरा लेबलच्या मध्यावर असेल तर लेबलची वरची कड मध्ये किंचित उचललेली आणि खालची कड मध्ये किंचित झुकलेली दिसते. कॅमेरा बाटलीच्या वर असेल तर दोन्ही कडा खाली झुकतात आणि खालची जास्त झुकते. अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. कोऱ्या लेबलची कड चित्रात आहेच, तिच्यावर जाळीची कड बरोबर बसवायची. एआय मात्र कधीकधी वरची कड एका कोनातून आणि खालची दुसऱ्याच कोनातून काढतं. अशी बाटली सुधारत बसू नये, दुसरी मागावी.

सावली कुठून येते?

लेबल नीट बसलं तरी अजून ते चिकटवल्यासारखंच दिसतं, कारण त्याच्यावर उजेड नाही. त्यासाठी लेबलच्या लेयरचा ब्लेंड मोड Normal वरून Multiply करायचा. मल्टिप्लायमध्ये पांढरा रंग पारदर्शक होतो आणि खालच्या कोऱ्या कागदाची सावली, पोत, उजव्या कडेचा अंधार हे सगळं छपाईच्या रंगातून वर येतं. कोरं लेबल पांढरं मागितलं ते यासाठीच. ते पिवळसर असेल तर छापलेले सगळे रंगही पिवळट होतात.

खरं लेबलच गडद असेल, समजा काळपट जांभळं, तर ही युक्ती अपुरी पडते. मल्टिप्लाय फक्त काळोख वाढवतो, चमक पुसून टाकतो. अशा वेळी कोरं लेबलही गडदच मागावं, खरं लेबल Normal मध्ये ठेवावं आणि कोऱ्या लेबलची एक प्रत वर Screen मोडमध्ये घालावी. मग खालची चमक तेवढी वर उतरते.

शेवटी, बाटलीपेक्षा लेबल जास्त रेखीव दिसत असेल तर अर्ध्या पिक्सेलचा Gaussian Blur पुरतो. त्याहून जास्त दिला तर बारीक मजकूर पुसट होतो.

कुठे जमत नाही

लेबल पारदर्शक असेल, काचेवर उठावदार नक्षी असेल किंवा बाटली खांद्याकडे निमुळती होत असेल, तर एवढ्याने भागत नाही. थेंबांचंही तसंच. एआयने कोऱ्या लेबलवर पाण्याचे थेंब काढले असतील तर अक्षरं त्या थेंबांतून वाकडी दिसायला हवीत. मल्टिप्लायमध्ये ती सरळ जातात आणि थेंब छापल्यासारखे दिसतात. थेंब फक्त काचेवर मागावेत. आणि खरी बाटली हाताशी असेल, तर खिडकीच्या उजेडात तिचाच फोटो काढून वापरणं केव्हाही चांगलं. निदान ग्राहकाच्या घरी पोचणारं झाकण तरी तेच असेल.

पोस्ट करण्याआधी चित्र फोनवर झूम करून परवान्याचे १४ आकडे, प्रमाण आणि किंमत मूळ पीडीएफशी ताडून पाहिली जाते. इन्स्टाग्रामवर चित्र १०८० पिक्सेल रुंद होऊन जातं, त्यामुळे पूर्ण बाटलीत बारीक ओळी वाचता येणार नाहीतच. म्हणून त्याच पोस्टमध्ये दुसरा फोटो नुसत्या लेबलचा, जवळून, मोठ्या फाईलमधूनच कापलेला टाकतात.