विश्लेषण : पाइल सहा मीटर जास्त खोल गेली, तर पैसे कोण भरणार? टर्नकी, आयटम रेट आणि कॉस्ट-प्लसचा हिशेब

शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. मुख्य स्थापत्य काम एमएमआरडीएने तीन पॅकेजमध्ये विभागले होते. या पॅकेजमध्ये कंत्राटदारांनी पूल नुसता बांधायचा नव्हता, त्याचे डिझाइनही त्यांनीच करायचे होते. अशा कंत्राटात जोखीम कोणाकडे जाते? त्यासाठी बांधकाम कंत्राटातील दर ठरवण्याच्या तीन पद्धती समजून घ्याव्या लागतात.

तीन पद्धती कोणत्या?

आयटम रेटमध्ये खोदाई, काँक्रीट, सळई अशा प्रत्येक बाबीचा दर ठरतो आणि प्रत्यक्ष मोजलेल्या कामाचे पैसे मिळतात. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात हा प्रकार बी-२ निविदा म्हणून ओळखला जातो. टर्नकीत डिझाइनपासून चावी हातात देईपर्यंतची एकच ठोक रक्कम ठरते. कॉस्ट-प्लसमध्ये झालेला खर्च आणि त्यावर ठरलेली फी, असे दोन्ही मालक देतो.

हिशेब कसा बदलतो?

न्हावा शेवा बंदराच्या मागे उरण-द्रोणागिरी पट्ट्यात खाजण जमिनीवर भराव टाकून गोदामे उभी राहिली आहेत. वर मुरूम, खाली मऊ सागरी चिखल आणि त्याखाली खडक. खडक नेमका किती खोल आहे, हे बोअर घेतलेल्या जागीच कळते. दोन बोअरच्या मधल्या जागेचा अंदाजच करावा लागतो.

समजा, एका गोदामाला १०० पाइल हव्या आहेत. निविदेत प्रत्येकीची लांबी २० मीटर धरली आहे. कंत्राटदाराचा दर मीटरला ८,००० रुपये आणि त्याचा स्वतःचा खर्च ७,००० रुपये आहे. काम सुरू झाल्यावर खडक सरासरी २६ मीटरवर लागला. म्हणजे २,००० ऐवजी २,६०० मीटर काम झाले आणि कंत्राटदाराचा खर्च १.४० कोटींवरून १.८२ कोटींवर गेला.

आयटम रेटमध्ये बिल १.६० कोटींऐवजी २.०८ कोटींचे होईल. वाढीव ४८ लाख मालक देईल आणि कंत्राटदाराचा नफा २० लाखांवरून २६ लाखांवर जाईल.

१० टक्के फीच्या कॉस्ट-प्लसमध्ये मालक सुमारे २ कोटी देईल. कंत्राटदाराची फी १४ लाखांवरून १८.२ लाख होईल. म्हणजे खर्च वाढला की त्याची कमाईही वाढते.

टर्नकीत ठोक रकमेत पाइलसाठी १.६० कोटीच धरले असतील, तर मालक तेवढेच देईल. अपेक्षित २० लाखांच्या नफ्याऐवजी कंत्राटदाराला २२ लाखांचा तोटा होईल.

मग जास्त जोखीम कशात?

कंत्राटदारासाठी सर्वाधिक जोखीम टर्नकीत आहे. परिमाण आणि डिझाइन, दोन्हींची जबाबदारी त्याच्यावर येते. आयटम रेटमध्ये परिमाणाची जोखीम मालकाकडे असते, पण दर चुकला तर फटका कंत्राटदाराला बसतो. कॉस्ट-प्लसमध्ये जवळपास सगळीच जोखीम मालकाकडे राहते. त्यामुळेच केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम अशी कंत्राटे शक्यतो टाळायला सांगतात. ती अटळ असतील, तर कारणे नोंदवावी लागतात.

टर्नकी मालकासाठी नेहमीच फायद्याची का?

नाही. खालच्या जमिनीचा भरवसा नसेल, तर जाणता कंत्राटदार ती भीती दरातच मिसळतो. खडक २० मीटरवरच लागला, तरी मालकाने २६ मीटरचे पैसे मोजलेले असतात. ज्याने कमी दर भरून काम मिळवले, तो तोटा दिसू लागताच काम रेंगाळवतो किंवा दाव्यांची पत्रे सुरू करतो. कामाच्या मधे मालकाने नकाशा बदलला, तर ठोक रक्कमही तशीच राहत नाही.

नावापेक्षा कलम महत्त्वाचे

जगभर वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या नमुना कंत्राटांत हा फरक दिसतो. दोन्ही पुस्तकांत डिझाइन कंत्राटदाराचेच असते. तरी ‘यलो बुक’मध्ये अनुभवी कंत्राटदारालाही आधी ओळखता न येणारी जमीन निघाली, तर वाढीव खर्च आणि मुदत मागता येते. टर्नकीसाठीच्या ‘सिल्व्हर बुक’मध्ये ती जोखीम मुळात कंत्राटदाराची धरली आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. जमिनीच्या अहवालाची हमी कोण देतो? निविदेतील परिमाण ठरावीक टक्क्यांहून वाढले, तर दर बदलतो का? आणि पाइलची खोली दोघांच्या सहीने मोजमाप पुस्तकात नोंदवली जाते का? आयटम रेटमध्ये ही शेवटची नोंद नसेल, तर २६ मीटर पाइल गेली हे नंतर सिद्ध करणे अवघड असते. काँक्रीट ओतल्यावर तिची खोली टेपने मोजता येत नाही.